फॅमिली व्लॉगमधली मुलं: संमती, नंतरचा पश्चात्ताप आणि प्लॅटफॉर्मचे नियम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न प्रामुख्याने घरचं चॅनल चालवणाऱ्या आईवडिलांचे आहेत. काही प्रश्न अशा मुलांचेही आहेत, जी आता मोठी होऊन आपलेच जुने व्हिडिओ बघतायत. नियमांची उदाहरणं मुख्यतः यूट्यूबची घेतली आहेत, कारण मोठ्या लांबीचे कौटुंबिक व्हिडिओ सर्वाधिक तिथेच असतात आणि काढायची वेळ येते तेव्हा खरी गुंतागुंतही तिथेच होते.

चॅनल आईवडिलांचं, मूलही त्यांचंच. मग मुलाची वेगळी संमती कशासाठी?

यूट्यूबच्या बालसुरक्षा धोरणात दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या आहेत. अल्पवयीन मूल व्हिडिओत दाखवण्याआधी त्याच्या पालकांची संमती घ्या, ही पहिली. मुलाचा सहभाग स्वेच्छेचा असू द्या, ही दुसरी. पहिली अट फॅमिली व्लॉगमध्ये आपोआप पूर्ण होते, कारण संमती मागणारा आणि देणारा माणूस एकच असतो. दुसरी अट पूर्ण झाली की नाही, हे तपासायला मात्र कोणी येत नाही.

सिनेमाच्या सेटवर मूल काम करतं तेव्हा निर्माता वेगळा आणि पालक वेगळे असतात. मूल दमलं, रडायला लागलं, तर पालक त्याच्या बाजूने उभे राहून ‘आता पुरे’ म्हणू शकतात. घरातल्या कॅमेऱ्यासमोर असं म्हणणारं कोणी उरत नाही. चित्रीकरण करणारी, व्हिडिओचं उत्पन्न घेणारी आणि मुलाचं हित बघणारी व्यक्ती तीच असते. आईवडील वाईट असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण एका माणसाच्या डोक्यावर या तिन्ही टोप्या असल्या की मुलाचा नकार ऐकू येणं अवघड होतं. म्हणून तो नकार ऐकण्याची सोय मुद्दाम, आधीपासून करून ठेवावी लागते. बाकीच्या उत्तरांचा रोख त्या सोयीकडेच आहे.

कितव्या वर्षी मूल खरी संमती देऊ शकतं?

एकच वय सांगता येत नाही, कारण ‘हो’ म्हणताना मुलाला काय काय कळतंय हे वयाप्रमाणे बदलत जातं. तीन-चार वर्षांच्या मुलाला कॅमेरा नको हे कळतं आणि ते तसं दाखवतंही. तोंड फिरवतं, हाताने लेन्स झाकतं, खोलीतून निघून जातं. हा पूर्ण वाढीचा नकार आहे आणि तो तसाच घ्यावा. सात-आठ वर्षांच्या मुलाला माहीत असतं की लोक आपल्याला बघतात. पण आज टाकलेला व्हिडिओ आपण कॉलेजात जाऊ तेव्हाही तिथेच असेल, हे त्याच्या कल्पनेत बसत नाही. दहा-बाराच्या आसपास ‘वर्गातली मुलं हे बघतील’ ही जाणीव येते आणि बरेचदा पहिला ठाम नकारही त्याच सुमाराला येतो.

त्यामुळे संमती एकदा घेऊन ठेवायची वस्तू होऊ शकत नाही. व्यवहारात ती किमान दोनदा विचारावी, चित्रीकरणाआधी आणि व्हिडिओ टाकण्याआधी. यातली दुसरी वेळ लोक हमखास गाळतात. मुलाने चित्रीकरणाला होकार दिलेला असतो. पण संकलनानंतर तयार होणारा व्हिडिओ, त्याचं शीर्षक आणि थंबनेल त्याने पाहिलेलंच नसतं. दुपारी हसतखेळत केलेला व्हिडिओ संध्याकाळी ‘पाहा, कशी रडली!’ या मथळ्याखाली आणि तिच्या रडव्या चेहऱ्याच्या थंबनेलसह बाहेर पडतो.

मग विचारायचं कसं, म्हणजे ‘हो’ला अर्थ राहील?

कॅमेरा बंद असताना विचारा. तयार व्हिडिओ, शीर्षक आणि थंबनेल एकत्र दाखवा. उत्तरासाठी एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी मूल ‘तो भाग काढ’ म्हणालं, तर तो भाग काढा आणि कारण विचारत बसू नका. नकार दिल्याने मुलाचं काही बिघडता कामा नये. सहल रद्द होणं, आईचा चेहरा पडणं, ‘किती मेहनत घेतली होती’ असं ऐकावं लागणं, हे सगळं मुलासाठी दंडासारखंच असतं.

होकार खरा आहे का, हे ओळखायला एक साधी कसोटी आहे. गेल्या काही महिन्यांत मुलाने एकदा तरी नाही म्हटलंय का, आणि तेव्हा व्हिडिओ खरंच थांबला का? मुलाने कधीच नाही म्हटलं नसेल तर आनंद मानायची घाई नको. बहुधा त्याला नाही म्हणता येतं हेच माहीत नसतं.

आमचं मूल स्वतःच कॅमेरा मागतं. तरीही एवढं जपायचं?

हो. त्याची हौस खरी आहे, पण ती व्हिडिओ करण्याची आहे. लाखो अनोळखी माणसांनी तो कायम बघावा ही इच्छा वेगळी आहे आणि मुलाच्या मनात ती बहुतेक वेळा नसतेच. हौस भागवायला घरातल्या फोनवरचा, फक्त आजी-आजोबांना पाठवलेला व्हिडिओ पुरतो. असा व्हिडिओ करूनही मूल तेवढंच खूश झालं, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

मोठेपणी मुलांना नेमकं काय खुपतं?

नाच, गाणी, वाढदिवस यांबद्दल सहसा फारशी तक्रार नसते. खुपतात ते क्षण, ज्यांत मुलाचा स्वतःवर ताबा नव्हता किंवा जे फक्त त्याचे होते. रडण्याचा झटका, रागावून घेतानाचा चेहरा, अंथरूण ओलं होणं, दवाखान्यातली सुई, पहिली पाळी, नापास झाल्याचा दिवस, डॉक्टरांनी केलेलं निदान. यातल्या निदानाबद्दल विशेष काळजी घ्यावी. मुलाच्या शिकण्यातल्या अडचणीवर केलेला व्हिडिओ दुसऱ्या पालकांना उपयोगी पडतो, हे खरं. पण पुढे ही गोष्ट कोणाला सांगायची आणि कोणाला नाही, ही निवड त्या मुलाच्या हातून कायमची जाते.

‘एट पॅसेंजर्स’ हे अमेरिकेतल्या यूटा राज्यातलं फॅमिली चॅनल चालवणारी आई २०२३ मध्ये अटकेत गेली आणि २०२४ मध्ये तिला बालछळाबद्दल शिक्षा झाली. तिची मोठी झालेली मुलगी त्याच वर्षी राज्याच्या आमदारांसमोर फॅमिली व्लॉगिंगविरुद्ध बोलली. पुढच्या वर्षी यूटाने कायदा केला. लहानपणी कमाईच्या व्हिडिओंत दिसलेल्या माणसाला सज्ञान झाल्यावर ते व्हिडिओ काढण्याची मागणी त्या कायद्याने करता येते. ते प्रकरण टोकाचं होतं आणि बहुतेक घरांत छळ नसतो. तरी मागणी तीच असते: माझं बालपण तिथून काढा.

माझी मुलगी म्हणते, ‘ते जुने व्हिडिओ काढ.’ आता नेमकं काय करू?

एक उदाहरण घेऊ. समजा चॅनल आठ वर्षांचं आहे, त्यावर ४२० व्हिडिओ आहेत आणि मुलगी आता १२ वर्षांची आहे. शाळेत कोणीतरी ती चार वर्षांची असतानाचा, पॉटी ट्रेनिंगचा व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकला. घरी येऊन ती म्हणाली, सगळं काढ.

त्याच दिवशी काय करायचं ते आधी सांगते. तो व्हिडिओ आणि त्या प्रकारचे, आठवतील तेवढे सगळे, प्रायव्हेट करा. यूट्यूब स्टुडिओत कंटेंटच्या यादीत हवे ते व्हिडिओ टिकमार्क करून सगळ्यांची व्हिजिबिलिटी एकदम बदलता येते. हे काम काही मिनिटांचं आहे. चर्चा, ‘त्याला किती व्ह्यूज आहेत’ वगैरे नंतर. प्रायव्हेट केलेला व्हिडिओ परत उघडता येतो, त्यामुळे घाईने केलं तरी तुमचं काही कायमचं जात नाही. व्हिडिओ चालू ठेवून महिनाभर विचार केला तर तिचं मात्र नक्की जातं.

त्यानंतर शांतपणे यादी करायची. ४२० पैकी ती समजा ३०० व्हिडिओंत आहे. ते सगळे शेवटपर्यंत बघण्याची गरज नाही. यादीत शीर्षक आणि थंबनेल पुरे, आणि यादी तिच्या शेजारी बसून करा. तीन खुणा ठेवा: काढायचा, बदलून ठेवायचा, राहू दे. तिला ठरवता येत नसेल तो व्हिडिओ तूर्त ‘काढायचा’मध्ये. आईवडिलांचं मत विचारलं जाईपर्यंत देऊ नये, कारण मुलं आपला चेहरा वाचतात.

‘बदलून ठेवायचा’ असलेल्यांसाठी स्टुडिओच्या एडिटरमध्ये मधला तुकडा कापता येतो आणि चेहरा धूसर करता येतो. लिंक तीच राहते. इथे एक अडचण येते. चॅनल कमाईच्या कार्यक्रमात नसेल आणि मूळ व्हिडिओला एक लाखाहून जास्त व्ह्यूज असतील, तर चेहरा धूसर करण्याखेरीज बाकीचे बदल जतन होत नाहीत. अशा वेळी तो भाग खटकत असेल तर पूर्ण व्हिडिओच खाली घ्यावा लागतो.

हे झाल्यावरही काम संपत नाही, आणि लोक चुकतात ते इथेच. मूळ व्हिडिओ जातो, पण त्यातला वीस सेकंदांचा तुकडा ‘वर्षभरातले मजेदार क्षण’ या संकलनात तसाच असतो. शॉर्ट्समध्ये असतो. चॅनलच्या ट्रेलरमध्ये, बॅनरच्या फोटोत, कम्युनिटी पोस्टमध्ये, इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये आणि फेसबुक पेजवर असतो. वर्णनात आणि टॅगमध्ये तिचं नाव असतं, त्यामुळे नाव शोधलं की बाकीचे व्हिडिओ सापडतात. म्हणून यादीत प्रत्येक व्हिडिओपुढे ‘आणखी कुठे वापरला’ असा एक रकाना ठेवा.

शेवटी ‘काढायचा’मधले व्हिडिओ डिलीट करायचे की प्रायव्हेटच ठेवायचे, हे तिला विचारा. काही मुलांना घरासाठी आठवण हवी असते. तसं असेल तर फाइल उतरवून घ्या आणि मग डिलीट करा. ‘आई कधीतरी परत उघडेल’ ही धास्ती तिच्या मनात राहू नये.

प्रायव्हेट आणि अनलिस्टेड यांत फरक काय? अनलिस्टेड केलं तर भागणार नाही?

नाही. अनलिस्टेड व्हिडिओ शोधात आणि चॅनलच्या पानावर दिसत नाही, पण ज्याच्याकडे लिंक आहे त्याला तो आरामात बघता येतो आणि पुढे पाठवताही येतो. वरच्या उदाहरणात लिंक वर्गाच्या ग्रुपवर आधीच आहे, म्हणजे अनलिस्टेड करून शून्य उपयोग.

जाहिरातदाराच्या करारामुळे व्हिडिओ काढता येत नसेल तर?

करार वाचा. बहुतेक करारांत व्हिडिओ ठरावीक काळ चालू ठेवण्याची अट असते, कायमची नसते. जुन्या व्हिडिओंचा तो काळ अनेकदा कधीच संपलेला असतो. चालू करार असेल तर कंपनीला कारण स्पष्ट लिहा आणि बदली व्हिडिओ देऊ करा. मुलाच्या इच्छेविरुद्ध व्हिडिओ चालू ठेवायला लावलं, अशी बोंब कोणत्याही ब्रँडला नको असते. पुढच्या प्रत्येक करारात मात्र एक ओळ आधीच घाला: व्हिडिओतल्या मुलाने मागणी केल्यास तो केव्हाही काढता येईल आणि त्यासाठी दंड नसेल. ही ओळ मान्य नसलेल्या जाहिरातदारासाठी मुलाला कॅमेऱ्यासमोर आणू नये, असं माझं ठाम मत आहे.

आमचा व्हिडिओ दुसऱ्याच कोणी उचलून टाकलाय. तो कसा काढायचा?

मूळ चित्रीकरण तुमचं असेल तर कॉपीराइटची तक्रार हा सहसा सर्वांत सरळ रस्ता आहे. खासगीपणाच्या तक्रारीत मूल ओळखू येतंय का यावर विचार होतो, तर कॉपीराइटमध्ये मालकी दाखवली की पुरतं. गूगलच्या शोधात मुलाचा फोटो येत असेल, तर १८ वर्षांखालचं मूल स्वतः किंवा त्याचे पालक तो निकालांतून काढण्याची विनंती करू शकतात. ही सोय २०२१ पासून आहे. त्याने मूळ संकेतस्थळावरचा फोटो जात नाही, फक्त शोधात येणं थांबतं. फोनांत उतरवून घेतलेल्या प्रती परत आणता येत नाहीत. मुलाला हे खरं खरं सांगा, ‘आता सगळं गेलं’ असं आश्वासन देऊ नका.

आम्ही ‘मेड फॉर किड्स’ लावलंय. म्हणजे मुलांच्या नियमांचं काम झालं ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. ती खूण व्हिडिओ कोण बघणार याबद्दल आहे, व्हिडिओत कोण दिसतंय याबद्दल नाही. २०१९ मध्ये मुलांची माहिती पालकांच्या परवानगीविना गोळा केल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरायला लावले. त्या तडजोडीतून ही व्यवस्था आली आणि २०२० च्या जानेवारीपासून लागू झाली. अशा व्हिडिओवर व्यक्तिगत जाहिराती आणि कमेंट बंद होतात. तुमचं मूल मध्यभागी असलेला, पण मोठ्या माणसांसाठी केलेला व्लॉग या खुणेत बसेलच असं नाही. आणि खूण लावली म्हणून दिसणाऱ्या मुलाला कोणतंही जादा संरक्षण मिळत नाही.

आमच्या व्हिडिओवरच्या कमेंट यूट्यूबने स्वतःहून बंद केल्या. आमचं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत असं उघड झालं, की मुलांच्या साध्यासुध्या व्हिडिओंखाली काही प्रौढ माणसं अश्लील सूचक कमेंट टाकत होती आणि नेमक्या सेकंदाचा आकडा देऊन एकमेकांना विशिष्ट दृश्य दाखवत होती. त्यानंतर यूट्यूबने अल्पवयीन मुलं असलेल्या असंख्य व्हिडिओंवरच्या कमेंट बंद केल्या. आजही धोका वाटला तर कमेंट, लाइव्ह चॅट किंवा शिफारशी मर्यादित केल्या जातात. याला शिक्षा समजू नका आणि कमेंट परत मिळवायला धडपडू नका. उलट त्या व्हिडिओचे आकडे नीट बघा.

आकड्यांत काय बघायचं?

एखादाच व्हिडिओ बाकीच्यांच्या कित्येक पट चालतोय आणि त्यात पोहणं, जिम्नॅस्टिक्स किंवा कपडे बदलण्यासारखं काही आहे, ही पहिली खूण. नेहमीचा प्रेक्षक तरुण आयांचा असताना या एका व्हिडिओचा प्रेक्षक वयस्क पुरुषांचा दिसतो, ही दुसरी. तिसरी खूण प्रेक्षक किती वेळ टिकले हे दाखवणाऱ्या आलेखात मिळते. ती रेषा सहसा हळूहळू खाली उतरते. मधेच एका जागी टोकदार उंचवटा असेल, तर तिथला तुकडा लोक मागे जाऊन पुन्हा पुन्हा बघतायत. तो सेकंद उघडा. तिथे विनोद असेल तर ठीक आहे. पाण्यातून बाहेर येणारं मूल असेल, तर व्हिडिओ लगेच प्रायव्हेट करा आणि चॅनलवरचे तशा प्रकारचे बाकीचेही तपासा.

कोणत्या वयाला काय चालतं?

यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि टिकटॉक या तिन्हींवर स्वतःच्या खात्यासाठी साधारणपणे किमान वय १३ आहे, काही देशांत जास्त. इन्स्टाग्रामवर त्याहून लहान मुलाच्या नावाचं खातं पालक चालवत असतील, तर तसं बायोमध्ये स्पष्ट लिहावं लागतं. यूट्यूबवर एकट्याने लाइव्ह जायचं किमान वय जुलै २०२५ पासून १६ आहे. टिकटॉकवर ते १८ आहे. घरच्या चॅनलसाठी माझा सल्ला याहून कडक आहे: लहान मुलासोबत लाइव्ह जाऊच नका. तिथे टाकण्याआधी दाखवून विचारण्याची जी दुसरी वेळ आहे, तीच उरत नाही.

गंमत म्हणून मुलाला घाबरवण्याचे प्रँक चालतात का?

मुलाला मानसिक त्रास देणारं, आईवडिलांकडून छळ झाल्याचं नाटक करणारं किंवा जबरदस्ती दाखवणारं चित्रण यूट्यूबच्या धोरणात निषिद्ध आहे. ‘नंतर सगळे हसलो’ हा बचाव चालत नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये असे प्रँक करणाऱ्या एका जोडप्याला बालदुर्लक्षाबद्दल पाच वर्षांच्या प्रोबेशनची शिक्षा झाली.

व्हिडिओतून आलेल्या पैशावर मुलाचा हक्क असतो का?

देशागणिक कायदे वेगळे आहेत. फ्रान्सने २०२० मध्ये १६ वर्षांखालच्या मुलांच्या अशा कमाईसाठी नियम केले. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४ पासून, मूल ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त दिसत असेल तर त्याचा वाटा विश्वस्त खात्यात ठेवावा लागतो. हे प्रमाण महिन्याभरातल्या आशयाच्या ३० टक्के इतकं आहे. तिथल्याच मिनेसोटा राज्याने तर जुलै २०२५ पासून १४ वर्षांखालच्या मुलांकडून असं काम करून घेण्यालाच मनाई केली. तुमच्याकडे कायदा नसला, तरी मुलाच्या नावाचं वेगळं खातं उघडा आणि कोणत्या व्हिडिओत ते किती वेळ होतं याची नोंद ठेवा. पुढे हिशेब मागितला गेला तर ही नोंदच कामाला येते.

मी आता मोठा झालोय. आईबाबा व्हिडिओ काढायला तयार नाहीत. मी काय करू शकतो?

आधी लेखी मागा, व्हिडिओच्या लिंक आणि कुठल्या मिनिटाला तुम्ही दिसता ते देऊन. ‘सगळे काढा’ या मागणीवर वाद होतो, ‘हे नऊ काढा’ या मागणीवर कृती होण्याची शक्यता जास्त. नकार मिळाला तर यूट्यूबच्या खासगीपणाच्या तक्रार प्रक्रियेत जाता येतं. ती तक्रार व्हिडिओत दिसणाऱ्या व्यक्तीने स्वतः करायची असते आणि चेहरा, आवाज, पूर्ण नाव यांवरून ती ओळखू येत असली पाहिजे. टाकणाऱ्याला सहसा ४८ तास मिळतात. त्यानंतर यूट्यूब स्वतः निर्णय घेतं. निकाल तुमच्याच बाजूने लागेल याची खात्री नसते, विशेषतः व्हिडिओत फक्त घरगुती गप्पा असतील तर. आजार, शरीर किंवा राहत्या घराचा पत्ता उघड होत असेल, तर तक्रारीत तेच पहिल्या वाक्यात लिहा.

युरोपीय संघात राहत असाल तर तिथल्या डेटा संरक्षण नियमाचं कलम १७ तुमच्या कामाचं आहे. स्वतःची माहिती पुसून टाकण्याचा हक्क त्यात आहे, आणि मूल असताना दिलेली संमती मोठेपणी मागे घेणाऱ्यांचा विचार त्या नियमाच्या प्रस्तावनेत मुद्दाम केलेला आहे. फ्रान्सच्या २०२० च्या कायद्यानुसार तर अल्पवयीन मूलही पालकांना न विचारता प्लॅटफॉर्मकडे ही मागणी करू शकतं.

चेहरा झाकला तर पुरेसं आहे का?

अनोळखी माणसापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. ओळखीच्यांपासून मिळत नाही, कारण आवाज, भावंडं, घर आणि शाळेचा गणवेश तसाच दिसतो. वर्गातली मुलं चेहऱ्याविनाही ओळखतात. रडण्याचा किंवा आजारपणाचा व्हिडिओ चेहरा झाकून टाकू नये.

मुलाच्या मित्रमैत्रिणी व्हिडिओत आल्या तर?

त्यांच्या पालकांना चित्रीकरणाआधी सांगा आणि टाकण्याआधी तेवढा भाग पाठवा. उत्तर आलं नाही तर त्या मुलाचा चेहरा धूसर करा किंवा तो तुकडा कापा. न आलेलं उत्तर होकार धरू नये. वाढदिवसासारख्या गर्दीत हे जमत नसेल, तर पाहुणे येण्याआधी केकपर्यंतचं चित्रीकरण उरकून घ्या आणि मुलं आली की कॅमेरा कपाटात ठेवा.